आईचा मोती, बाबांची काच

आमच्याकडे साठीच्या पुढच्या माणसाला नीट दिसेनासं झालं की निदान घरातल्या घरात होतं. 'मोती आलाय.' मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'पिकलाय का?' पिकला नसेल तर पिकेपर्यंत थांबायचं, पिकला असेल तर शिबिर कधी आहे ते बघायचं. जव्हार-मोखाड्यात हे सगळ्यांना पाठ आहे. ज्यांनी उभ्या आयुष्यात डोळ्यांचा डॉक्टर पाहिलेला नाही, त्यांनाही.

हे पाठ होण्यामागे मोठी सरकारी मेहनत आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला १९७६मध्ये. पुढे १९९४पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम चालली, त्यात महाराष्ट्र होता. गावोगाव शिबिरं झाली, जीप भरून म्हातारी माणसं गेली आणि डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आली. डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव तर घराघरात पोचलं, त्यांच्यावर मराठीत चित्रपट आला. मोतीबिंदू हा आजार आपल्याकडे असा ओळखीचा झाला.

काचबिंदूच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्याचंही कारण आहे. मोतीबिंदू बऱ्याचदा बॅटरीच्या उजेडात दिसतो, एका दिवसात काढता येतो, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की माणूस नातवाचं तोंड ओळखतो. काचबिंदू बॅटरीत दिसत नाही, काढता येत नाही, आणि उपचार उत्तम झाले तरी माणसाला काल दिसत होतं त्याहून जास्त काही दिसत नाही. अशा आजाराचं शिबिर कसं भरवणार आणि फोटो कशाचा काढणार? त्यामुळे दोन्ही नावांत 'बिंदू' असला, तरी एक घरचा झाला आणि दुसरा त्याचाच कुणी चुलतभाऊ असावा अशी लोकांची समजूत राहिली.

आमच्या घरात हे दोघेही एकाच वेळी होते. आईला मोतीबिंदू आणि बाबांना काचबिंदू. त्यांतला कोण किती वेळ थांबू शकतो, हे आम्हाला गेल्या वर्षी नीट समजलं. ते इथे लिहितेय, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील गावी असतील आणि फोनवर 'डोळे काय म्हणतात?' असं विचारल्यावर 'ठीक आहे' एवढंच ऐकू येत असेल.

*

आधी आईबद्दल, कारण तक्रार तिचीच होती.

आई एकाहत्तर वर्षांची. दोन-तीन वर्षांपासून तिला धुरकट दिसत होतं. तांदूळ निवडताना खडा राहून जायचा. त्र्यंबकवरून रात्रीच्या एसटीने यायची वेळ आली, तर समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना भलं मोठं कडं दिसायचं आणि ती पदर डोळ्यांवर घ्यायची. भर उन्हात अंगणात उतरली की सावलीत होतं तेवढंही दिसायचं नाही. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला.

मग मध्येच एक चमत्कार झाला. चष्म्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता यायला लागला! शेजारच्या काकूंनी ते बघितलं आणि गाजराच्या रसाला श्रेय देऊन टाकलं. खरी गोष्ट अशी, की डोळ्यातल्या भिंगाचा मधला गाभा घट्ट व्हायला लागला की भिंगाची ताकद वाढते. लांबचं आणखी बिघडतं, पण जवळचं काही महिने चष्म्याशिवाय दिसायला लागतं. म्हणजे म्हातारपणी वाचायचा चष्मा आपोआप सुटला, तर ते मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं.

डोळा कॅमेऱ्यासारखा मानला, तर मोतीबिंदू हे पुढचं भिंग गढूळ होणं आहे. मागचा पडदा आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस शाबूत असतात. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवलं की चित्र पुन्हा उमटतं. सहा महिने उशीर झाला, तरी सहसा तेवढंच दिसणं परत मिळतं. आईची दृष्टी तपासली तेव्हा उजव्या डोळ्याची ६/२४ आणि डाव्याची ६/१८ निघाली. म्हणजे नीट दिसणाऱ्याला जे अक्षर चोवीस मीटरवरून वाचता येतं, ते आईला उजव्या डोळ्याने सहा मीटरवर आल्यावर वाचता येत होतं.

बाबांची काहीच तक्रार नव्हती. बाबा शहात्तर वर्षांचे, मोखाड्याच्या आश्रमशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. रोज सकाळी पेपर वाचायचे आणि आईला म्हणायचे, 'बघ, मला अजून मोती नाही.' मे महिन्यात आईला नाशिकला दाखवायला नेलं, तेव्हा ते सोबत म्हणून आले. मी नाशिकलाच असते. एका केसपेपरसोबत दुसरा काढला, एवढंच.

त्यांनी तक्ता वाचला. दोन्ही डोळे ६/९, या वयाला उत्तम. आईपेक्षा तीन ओळी पुढे गेल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. त्यानंतर डॉक्टरबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकले आणि भिंगातून आत बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांतला एकही 'दिसतंय का' असा नव्हता.

'सर, पायरी उतरताना चुकते का?'

बाबा म्हणाले, 'आमचा ओटा उंच आहे.'

आई म्हणाली, 'ओटा चाळीस वर्षं तेवढाच आहे. हे हल्ली शेवटच्या पायरीला अडखळतात. परवा पाण्याचा तांब्या लाथाडला, पायाशीच होता.'

'पेपर वाचताना पुढची ओळ सापडायला वेळ लागतो?'

बाबा गप्प बसले. मग म्हणाले, 'बोट ठेवून वाचतो. सवय आहे.'

'आणि लाइट गेल्यावर अंधारात?'

'जव्हारला लाइट गेल्यावर कुणाला दिसतं?' बाबा म्हणाले आणि हसले. डॉक्टरबाईही हसल्या, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

*

आता आत काय झालं होतं ते सांगते.

डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून निचरत राहतं. याचा अश्रूंशी संबंध नाही. निचरा मंदावला की आतला दाब वाढतो. डोळ्याच्या मागच्या भिंतीत जिथून नस बाहेर पडते, ती जागा सगळ्यांत नाजूक असते. या नसेत सुमारे दहा-बारा लाख तंतू असतात. दाबाखाली ते वर्षानुवर्षं थोडे थोडे मरत जातात. मेलेला तंतू परत उगवत नाही. हा झाला काचबिंदू.

डॉक्टरांना भिंगातून ती जागा बशीसारखी दिसते आणि तिच्या मध्यभागी एक वाटी. तंतू गेले की बशीची कड झिजते आणि वाटी मोठी होते. बाबांच्या उजव्या डोळ्यात वाटीने बशीचा ०.७ भाग व्यापला होता, डाव्यात ०.८५. दोन्हीकडे वरची कड जास्त झिजलेली होती. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून वरची कड गेली की खालचं दिसणं जातं. पायरी, तांब्या, पेपरातली पुढची ओळ. सगळं खालच्या बाजूचं.

दाब उजवीकडे २४ आणि डावीकडे २८ होता. साधारण १० ते २१ हा आकडा ठीक मानतात. पण एवढ्यावर कुणी निश्चिंत होऊ नये. काही जणांचा दाब २१च्या आत असूनही नस झिजते आणि काहींचा २४ असूनही ती वर्षानुवर्षं धड राहते. दाब दिवसभरात वरखालीही होतो. म्हणून नुसता दाब मोजून 'काचबिंदू नाही' म्हणता येत नाही, आणि नुसता तक्ता वाचून तर नाहीच. तक्ता तपासतो ते समोरचं, अगदी मधलं दिसणं. काचबिंदूत तेच शेवटपर्यंत टिकून राहतं.

बाबांना सगळ्यांत विचित्र वाटलं ते हे, की आपल्याला दिसत नाही हे आपल्याला कसं कळलं नाही? आपल्या डोक्यात असतं, की न दिसणं म्हणजे काळा डाग. तसं होत नाही. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो. दोन्हींना दिसत नसेल, तर मेंदू आजूबाजूचं बघून रिकामी जागा सारवून टाकतो. बाबांना पायरीच्या जागी काळोख दिसत नव्हता, सपाट ओटा दिसत होता. दक्षिण भारतातल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू सापडलेल्या दहांतल्या नऊहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हे आधी ठाऊकच नव्हतं. ही माणसं निष्काळजी होती असं म्हणता येत नाही. त्यांना ते जाणवतच नव्हतं.

मग 'फील्ड'ची तपासणी झाली. मोठ्या अर्ध्या गोळ्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. 'निम्मे तर दिसलेच नाहीत. नापास.' तिथल्या मुलीने त्यांना समजावलं की यंत्र मुद्दामच उजेड कमी कमी करत जातं, चांगल्या डोळ्यांनाही निम्म्याच्या आसपास ठिपके दिसत नाहीत. परीक्षा म्हणून बसायचंच नाही. पण कागद आला तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या नकाशात खालच्या बाजूला काळसर कमान उमटली होती, डावीकडे जास्त. आईच्या प्रत्येक तक्रारीला त्या कागदावर जागा होती.

निर्णय असा झाला. आईची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर केली तरी चालेल. बाबांचा उपचार आज रात्रीपासून.

आईला हे पटेना. 'मला दिसत नाही तर मला दिवाळीनंतर, आणि ह्यांना सगळं दिसतंय तर ह्यांना आज?' तिच्या प्रश्नातच या दोन आजारांमधला फरक आहे. ज्याची तक्रार जास्त, तो आजार थांबायला तयार होता. ज्याची तक्रारच नव्हती, तो रोज थोडं थोडं घेऊन जात होता.

*

आईला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं याचा अर्थ 'पिकू द्या' असा नव्हता. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पिकू देण्याची किंमत आमच्या घराने आधी मोजली आहे.

पिकण्याची कल्पना आली जुन्या शस्त्रक्रियेतून. तेव्हा सगळं भिंग अख्खं बाहेर काढत, आत दुसरं बसवत नसत आणि माणूस जाड भिंगांचा चष्मा लावून उरलेलं आयुष्य काढत असे. त्यापेक्षा अर्धवट दिसणारा डोळा बरा, म्हणून पार दिसेनासं होईपर्यंत थांबत. कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी, १९४९मध्ये. आपल्याकडे ते सर्रास व्हायला १९९०चं दशक उजाडलं. आता लहान छेदातून भिंग काढतात आणि तिथेच नवं बसवतात. रोजचं काम अडायला लागलं की वेळ झाली असं धरतात. फार कडक झालेलं भिंग काढणं उलट अवघड जातं. काळ बदलला, पण 'पिकू दे' हा शब्द मागे राहिला.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, मोखाड्याकडच्या पाड्यावर राहायची. तिच्या डाव्या डोळ्यातला मोती इतका पिकला होता की बाहुली लांबूनही पांढरी दिसायची. पण उजव्याने दिसत होतं, आवणी चालू होती, म्हणून राहिलं. एका संध्याकाळी तिचं डोकं डाव्या बाजूने ठणकायला लागलं. डोळा लालभडक झाला आणि उलट्या सुरू झाल्या. जवळच्या एका दवाखान्यात तिला पित्त झालं म्हणून इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. डोळा लाल आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण उलट्यांपुढे डोळ्याचं कुणाला काय! तीन दिवसांनी दुखणं कमी झालं, तोवर त्या डोळ्याला बॅटरीचा उजेडही कळेनासा झाला होता.

झालं होतं ते असं. पिकलेलं भिंग पाणी शोषून फुगतं. फुगलेलं भिंग पुढच्या रंगीत पडद्याला ढकलतं आणि निचऱ्याची जाळी बंद होते. दाब तासाभरात पन्नास-साठच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे मोतीबिंदूतूनच काचबिंदू, तोही ओरडत येणारा. नस असा दाब फार तर काही तास, दिवसभर सोसते. वेळेवर दाब उतरवला आणि मग भिंग काढलं, तर बरंच वाचू शकतं. हाच झटका मोती पिकलेला नसतानाही येऊ शकतो, ज्यांच्या डोळ्यातली निचऱ्याची जागा मुळातच अरुंद असते त्यांना. अंधाराची वेळ, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसणं, धूसर होणं, मग दुखणं. ही त्याची चढण.

रात्री मोखाड्यात किंवा खोडाळ्यात हे घडलं तर काय करायचं? सकाळच्या गाडीची वाट बघायची नाही. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठायचं आणि तक्रार सांगताना उलटी आधी सांगायची नाही. 'डोळा लाल झालाय, दुखतोय, दिसणं कमी झालंय, आणि उलट्या होतायत', या क्रमाने सांगायचं. दुखऱ्या डोळ्याची बाहुली बहुधा मोठी राहिलेली असते, बॅटरी मारली तरी आकसत नाही. डॉक्टर पापणीवरून बोटांनी हलकेच चाचपतात तेव्हा तो डोळा दुसऱ्यापेक्षा गोटीसारखा कडक लागतो. ही खूण पटली की दाब उतरवणाऱ्या गोळ्या किंवा सलाइनमधून औषध तिथेच सुरू करून रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवता येतं. जव्हार ते नाशिक ऐंशी किलोमीटर, मध्ये घाट. तेवढ्या वेळात ते औषध काम करत असतं.

आईचं भिंग फुगलेलं नव्हतं, निचऱ्याची जागा मोकळी होती, दाब १४ आणि १५ होता. हे सगळं बघून तिला थांबायची परवानगी मिळाली. न तपासता थांबणं आणि तपासून थांबणं यांत एवढाच फरक आहे.

*

बाबांचा उपचार म्हणजे रोज रात्री प्रत्येक डोळ्यात एक थेंब. ऐकायला किती सोपं! त्यांना दमा आहे हे सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी टिमोलॉल टाळलं. हे औषध काचबिंदूत खूप वापरतात, पण डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो आणि दमेकऱ्याचा श्वास अडकवू शकतो, नाडीही मंद करतो. डोळ्यांच्या डॉक्टरला दमा, हृदय, मूत्रपिंड, मधुमेह सगळं सांगायचं ते यासाठी. बाबांना बिमॅटोप्रोस्ट दिलं. त्याच जातीचं लॅटनोप्रोस्ट बहुधा न उघडलेलं असताना फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि पावसाळ्यात जव्हारची वीज कशी असते ते डॉक्टरबाईंनी आधीच विचारून घेतलं होतं.

महिनाभर पुरणारी बाटली बाराव्या दिवशी संपली. थेंब गालावर, नाकावर, उशीवर. मग आईने ते काम हातात घेतलं. बाबांना खाटेवर आडवं करायचं, खालची पापणी जरा ओढून खळगा करायचा, एकच थेंब टाकायचा, डोळा मिटायला लावायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवायचा. त्याने औषध डोळ्यातच राहतं, रक्तात कमी जातं. दोन थेंब टाकून जास्त फायदा होत नाही, डोळ्यात एकही थेंब पुरता मावत नाही. धुरकट दिसणारी आई सगळं दिसणाऱ्या बाबांच्या डोळ्यात औषध घालतेय, यावर दोघांनी एकमेकांना भरपूर टोमणे मारले.

सहा आठवड्यांनी दाब १७ आणि १९ झाला. बाबा म्हणाले, 'पण मला काही फरक वाटत नाही.' वाटणारच नाही. थेंबाने गेलेलं परत येत नाही, आहे ते राहतं. बरेच लोक इथेच औषध सोडतात. बाटली महाग, डोळे लाल होतात, पापणीचे केस वाढतात, आणि फायदा दिसत नाही. हे आधीच सांगितलं नाही, तर दोन महिन्यांत बाटली कपाटात जाते. आम्ही बाबांना त्यांच्या फील्डचा कागद दाखवून सांगितलं, 'ही कमान आहे एवढीच राहिली, की औषध लागू पडलं समजायचं.' ती बघायला दर सहा महिन्यांनी नाशिकला जायचं आणि दाब मोजायला त्याआधी. औषधाने दाब पुरेसा उतरला नाही, तर लेझर आणि शस्त्रक्रिया हे पुढचे मार्ग आहेत. तेही उरलेलं वाचवण्यासाठीच.

दिवाळीनंतर आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. निघताना एकच गोष्ट तिच्याकडून तीनदा वदवून घेतली गेली. थोडं खुपणं, पाणी येणं चालेल. पण दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसायला लागलेलं पुन्हा कमी झालं, तर त्याच दिवशी यायचं, ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. आत जंतुसंसर्ग झाला असेल, तर एकेक दिवस महत्त्वाचा असतो. तसं काही झालं नाही. घरी आल्यावर तिने आधी भिंतीचा रंग बघितला. तिला तो इतके दिवस साय-रंगाचा वाटत होता, तो पांढरा निघाला. मग तिची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांकडे गेली आणि आमचे दोन दिवस झाडण्या-पुसण्यात गेले.

*

गावी गेलात की एक साधी गोष्ट करता येते. भिंतीवर कालनिर्णय असतंच. समोर नेहमीच्या अंतरावर खुर्ची ठेवा आणि आईवडिलांना नेहमीचा चष्मा लावून बसवा. तळहाताने एक डोळा झाका, दाबू नका. उरलेल्या डोळ्याने तारखा वाचायला लावा. मग दुसरा. एकेक डोळा वेगळा बघणं हेच यातलं महत्त्वाचं काम आहे, कारण रोजच्या जगण्यात चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो. कित्येकांना एक डोळा गेल्याचं या खुर्चीवरच पहिल्यांदा कळतं. चौकोनांच्या रेघा सरळ दिसतायत का, तेही विचारा. वाकड्या किंवा लाटेसारख्या दिसल्या तर पडद्याच्या मधोमध काहीतरी बिघडलंय, त्याच आठवड्यात दाखवायला हवं.

कॅलेंडरला मर्यादा आहे. बाबा या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने पास झाले असते. सुरुवातीचा काचबिंदू घरात पकडता येत नाही. त्यासाठी दाब, बाहुली मोठी करून नसेची तपासणी आणि फील्ड हे तिन्ही लागतं, आणि चाळिशीनंतर ते अधूनमधून करून घ्यावं लागतं. घरात आपण फक्त एवढंच बघू शकतो की माणूस अडखळतोय का, पायाशी ठेवलेलं लाथाडतोय का, ओळ हरवतेय का. यांतलं काही असलं, तर महिन्याच्या आत.

ज्याला एक दिवसही देता येत नाही असं मोजकं आहे. दुखणारा लाल डोळा, ज्यात दिसणं कमी झालंय. एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं, दुखत नसलं तरी, आणि दहा मिनिटांनी परत दिसायला लागलं तरी. ती रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची, पुढे येऊ घातलेल्या पक्षाघाताची सूचना असू शकते. आणि डोळ्यासमोर एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखे चमकारे किंवा कडेने पडदा सरकत येणं. तो आतला पडदा फाटल्याचा किंवा सुटल्याचा इशारा आहे. मधला भाग सुटायच्या आत गाठला, तर नजर वाचायची शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट औषधाच्या दुकानाशी संबंधित. डोळे चुरचुरले की 'मागच्या वेळचे थेंब द्या' म्हणून घेतलेल्या बाटलीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं बाटलीवर वाचता येतात. चार दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून लोक ते महिनोन् महिने वापरतात. त्यानेच काही जणांचा दाब चढतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. आईवडिलांच्या उशाशी असलेल्या बाटल्यांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवले, तर बरंच काही कळतं.

निघताना डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं होतं, 'भावंडं किती?' आत्याचा आजार फुगलेल्या मोत्यातून आलेला होता, बाबांचा वेगळा. पण बाबांसारखा काचबिंदू घरात फिरतो आणि सख्ख्या भावंडांना, मुलांना त्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. विक्रमगडचे काका दोन महिने 'मला काही होत नाही' म्हणत राहिले. बाबांनी त्यांना फोनवर सांगितलं, 'मलाही काही होत नव्हतं.' मग ते गेले. त्यांचा दाब २३ निघाला, नस अजून धड आहे, वर्षाने पुन्हा बघायचं आहे. मी आणि माझा भाऊ, दोघांचीही चाळिशी ओलांडलेली. आमच्या दोघांचे कागद आता बाबांच्याच फाइलमध्ये लावलेले आहेत.